अर्ज स्वीकारला गेला, म्हणजे बरोबर भरला असं नव्हे

सरकारी भरतीचा अर्ज भरताना संगणक प्रवर्ग विचारतो, पण बऱ्याच परीक्षांत त्या वेळी दाखला मागत नाही. ‘ओबीसी’वर खूण केली, शुल्क भरलं की अर्ज स्वीकारला जातो. दाखला प्रत्यक्ष तपासला जातो तो परीक्षा पास झाल्यावर, कागदपत्र पडताळणीत. त्यामुळे अर्जाच्या दिवशी झालेली चूक महिनोन्‌महिने लपून राहते.

बीड जिल्ह्यातल्या वंजारी समाजातल्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. राज्याच्या भरतीत ती भटक्या जमाती (ड) या प्रवर्गात येते. बँकभरतीची आयबीपीएसची परीक्षा मात्र केंद्राच्या यादीनुसार चालते. त्या यादीत भटक्या जमाती असा वेगळा प्रवर्गच नाही; तिथे वंजारी समाज ओबीसीत आहे. म्हणून तिने अर्जात ओबीसी निवडणं बरोबरच आहे. अडचण पुढे येते. पडताळणीला तिने राज्यासाठी काढलेलं नॉन क्रीमिलेअर दाखवलं, तर ते चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा असतो. जात केंद्राच्या यादीत आहे आणि उमेदवार क्रीमिलेअरमध्ये मोडत नाही, या दोन्ही गोष्टी त्यावर लिहिलेल्या असाव्या लागतात. सेतू केंद्रात नुसतं ‘नॉन क्रीमिलेअर हवंय’ म्हटलं, तर बहुधा राज्याचाच दाखला हाती पडतो. म्हणून ‘केंद्र सरकारच्या नोकरीसाठी’ असं स्पष्ट सांगून अर्ज करावा.

दुसरी गोष्ट तारखेची. जातीचा दाखला एकदा काढला की पुरतो, पण नॉन क्रीमिलेअर उत्पन्नावर अवलंबून असल्याने त्याला मुदत असते. तो कोणत्या तारखांच्या दरम्यान दिलेला हवा, हे जाहिरातीत लिहिलेलं असतं. नेमकी तीच ओळ वाचायची राहून जाते.

फोटोचंही असंच. आयबीपीएसला फोटो 20 ते 50 केबीचा आणि सही 10 ते 20 केबीची लागते. फाइल मोठी असेल तर संगणक लगेच अडवतो, म्हणून ती चूक तिथेच सुधारते. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने करायची. इंग्रजी मोठ्या अक्षरांतली सही चालत नाही. पुढे परीक्षेच्या हजेरीपटावरची सही आणि समोरचा चेहरा याच्याशीच ताडून पाहतात. म्हणून जो फोटो अर्जाला लावला, त्याच्याच प्रती जपून ठेवाव्यात.

नावात फरक असेल, म्हणजे दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं आणि आधारवर सासरचं असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत आधीच काढून ठेवा.

तेव्हा अर्ज उघडण्याआधी दाखला समोर ठेवा आणि नमुना, तारीख, नाव या तीन गोष्टी जाहिरातीशी ताडून पाहा. फरक दिसला, तर आधी तहसील गाठा.