एकाच नावाच्या दोन बाटल्या

2025 च्या ऑक्टोबरात छिंदवाड्याची बातमी आली आणि पालकांच्या कार्यशाळेत मला विचारले जाणारे प्रश्नच बदलले. तिथल्या मुलांना दिलेल्या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. त्यांतली बरीच मुले उपचारांसाठी नागपुरात आणली होती, त्यामुळे ते दुःख आपल्याही दारात आले. तेव्हापासून शिरूर असो की दौंड, पालक बाटली दाखवून विचारतात, "सिस्टर, ही कंपनी चांगली आहे ना?" विचारणे रास्तच आहे. पण मला सलते ते असे, की चांगल्या कंपनीच्या शुद्ध औषधानेही घरात घात होतो, त्याबद्दल आता कोणी विचारत नाही.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सांगण्यासारखे फार नाही. इंजेक्शने, सलाइन, रजिस्टरे. एकच गोष्ट आठवते: मिक्श्चरच्या बाटलीला चिकटवलेली, खाचा कापलेली कागदी पट्टी. एक खाच उतरली की एक डोस संपला. आत काय आहे ते कोणी सांगत नसे, ही त्यातली खोट होतीच. पण किती द्यायचे ते निरक्षर आजीलाही दिसायचे. तयार बाटल्या आल्या आणि पट्टी गेली. तिच्या जागी बारीक अक्षरांतले लेबल आले.

खरा गोंधळ मी पाहिला तो 2011 नंतरच्या दहा वर्षांत. त्या वर्षी बारा वर्षांखालील मुलांसाठी निमेसुलाइडवर बंदी आली. बंदी योग्यच होती, आणि तापासाठी घरोघरी पॅरासिटामॉल उरले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कंपन्यांनी तान्ह्यांचे तीव्र ड्रॉप्स बंद करून मुलांच्या पातळ पॅरासिटामॉलची एकच तीव्रता ठेवायचे ठरवले. आपल्याकडे मात्र एकाच नावाखाली तीन तऱ्हा चालू राहिल्या. ड्रॉप्समध्ये एका एमएलला 100 मिलिग्रॅम, साध्या सिरपमध्ये पाच एमएलला सुमारे 125 आणि जास्त तीव्रतेच्या सिरपमध्ये पाच एमएलला 250.

आता हिशोब करू. आठ किलोचे बाळ आहे. डॉक्टर साधारण किलोमागे 15 मिलिग्रॅम धरतात, म्हणजे एका वेळी 120. साध्या सिरपचे ते जवळजवळ पाच एमएल होतात. ड्रॉप्सचे फक्त 1.2 एमएल. मागच्या तापात सांगितलेले "पाच एमएल" घरात सगळ्यांच्या तोंडी बसलेले असते. या खेपेला मेडिकलमधून ड्रॉप्सची बाटली आली आणि आजीने तेवढेच मोजले, तर 500 मिलिग्रॅम गेले. दिवसाचे चारही डोस एका घोटात. तसे दिवसातून चारदा झाले तर 2000, आणि तिथे यकृत धोक्यात येते. उलटही घडते. सिरपचे 1.2 एमएल दिले तर 30 मिलिग्रॅमच जातात, ताप उतरत नाही आणि "औषध लागू पडत नाही" म्हणून इंजेक्शनसाठी धाव घेतली जाते.

जास्त डोस गेल्याचे लगेच कळत नाही. पहिल्या दिवशी बाळ थोडे ओकते, मलूल होते किंवा चक्क खेळत असते. यकृताची लक्षणे दोन-तीन दिवसांनी दिसतात. उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून लक्षणांची वाट न पाहता बाटली घेऊनच दवाखान्यात या.

अशी केस आली की वॉर्डात एकच शेरा ऐकू यायचा: "आईचं लक्ष नव्हतं." तो शेरा मला कधीच पटला नाही. 31 जानेवारी 2021 ला यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसीकोपरी गावात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा मुलांना सॅनिटायझर पाजले गेले. मुले बचावली. पाजणारी माणसे आरोग्यसेवेतलीच होती. शिकलेल्या हातांकडून बाटली बदलू शकते, तर रात्री दोनला मोबाइलच्या उजेडात रडते मूल सांभाळणाऱ्या बाईला बोल लावायचा अधिकार आम्हाला कोणी दिला? चिठ्ठीवर नुसते "एक चमचा" लिहिणाऱ्याला कोणी जाब विचारत नव्हते, आणि स्वयंपाकघरातले दोन चमचे सारखे नसतात.

म्हणून कार्यशाळेत मी आता तीनच गोष्टी करून घेते. बाटलीवर "एका एमएलला किती मिलिग्रॅम" ते वाचायचे. सुई नसलेल्या सिरिंजने मोजायचे. आणि दिलेली वेळ लिहून ठेवायची, कारण आईने सहाला दिलेले औषध आजी सातला पुन्हा देते. सर्दीच्या सिरपमध्येही पुष्कळदा पॅरासिटामॉल असते, ते दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

पण एवढे शिकवूनही माझी तक्रार पालकांकडे नाही. भेसळीच्या बातमीनंतर कारखान्यांची तपासणी होते. तशीच मुलांच्या पॅरासिटामॉलची एकच तीव्रता ठरवायला अडचण काय आहे? ती ठरली तर माझ्या भाषणाचा अर्धा भाग गळून पडेल, आणि पडावाच.