गाडीतल्या स्टिरिओवर अध्याय क्रमाने कसे लागतील?

ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय पेन ड्राइव्हवर घेतले आणि गाडीत लावले, तर पहिल्यानंतर दहावा सुरू होतो. कॉम्प्युटरवर क्रम बरोबर दिसत होता, मग इथे काय बिघडले?

काही स्टिरिओ फाइलचे नाव अक्षर-अक्षर तपासतात. त्यांना ‘अध्याय 10’ हे ‘अध्याय 2’च्या आधीचे वाटते, कारण 1 हा 2 च्या आधी येतो. म्हणून नावाच्या सुरुवातीलाच दोन अंकी क्रमांक द्यावा: 01, 02 ते 18. जुने, स्वस्त प्लेअर मात्र नाव बघतच नाहीत. फाइल ज्या क्रमाने कॉपी झाल्या, त्याच क्रमाने ते वाजवतात. तुमचा प्लेअर कोणत्या जातीचा, हे ओळखणे सोपे आहे. पाचवा अध्याय मुद्दाम मागाहून कॉपी करा. तो शेवटी वाजला, तर प्लेअर कॉपीचा क्रम पाळतो. अशा वेळी राहिलेली एखादी फाइल नंतर घुसडून चालत नाही. पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून (त्यातले सगळे पुसले जाते) अध्याय एकामागून एक कॉपी करावे लागतात. फॉरमॅट करताना FAT32 निवडा; NTFS किंवा exFAT जुन्या यंत्रांना बहुधा वाचता येत नाही.

आता देवनागरी नावे. पेन ड्राइव्हवर ती नीट साठवली जातात, अडचण स्टिरिओच्या पडद्याची असते. त्यात देवनागरी फाँट नसेल तर चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसतात; फाँट असूनही जोडाक्षरे सुटी पडू शकतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे सरकते. त्यामुळे फाइल आणि फोल्डर दोन्हींची नावे रोमन अक्षरांत, छोटी ठेवा. तरीही चौकोन दिसले, तर स्टिरिओ फाइलच्या आत साठवलेले शीर्षक दाखवतो आहे. तेही बदलावे लागेल.

तिसरी गोष्ट फॉरमॅटची. .m4a किंवा .opus फाइलचे नाव बदलून .mp3 केले, तरी आतला आवाज जुन्याच पद्धतीने बांधलेला राहतो आणि स्टिरिओ ती फाइल वगळतो. ती खरोखर रूपांतरितच करावी लागते. ffmpeg हा मोफत प्रोग्रॅम रूपांतर, नवे नाव आणि आतले शीर्षक ही तिन्ही कामे एका ओळीत करतो:

```
ffmpeg -i "अध्याय 10.m4a" -vn -b:a 128k -id3v2_version 3 -metadata title="Adhyay 10" 10_Adhyay.mp3
```

यातला 128k हा दर पठणाला पुरेसा आहे. एका मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागते. -vn मुळे फाइलमधले मुखपृष्ठाचे चित्र गळते.

मूळ देवनागरी नावांच्या फाइल कॉम्प्युटरवर तशाच जपून ठेवा आणि गाडीसाठी वेगळी प्रत करा. एमपी३ मधून पुन्हा मूळ दर्जा मिळत नाही.