बोलणे रंगात असतानाच निरोप घ्यावा

आपल्याकडे घरातून निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. निरोपाच्या शब्दातच पुढच्या भेटीचा वायदा असतो. फोनवर मात्र आपण ही रीत विसरतो.

पवनी तालुक्यातील आमच्या ओळखीच्या एका घरची मुलगी नागपूरला वसतिगृहात राहून शिकते. आई दर रविवारी फोन करायची. पहिली दहा मिनिटे छान जायची. मग ‘आणखी काय?’, ‘काही नाही’ सुरू व्हायचे. शेवटी आई म्हणायची, ‘पैसे जपून वापर. अभ्यास करतेस ना?’ आणि फोन बंद! पुढे मुलगी फोन उचलायला टाळू लागली.

असे का व्हावे? १९९३ साली डॅनियल कानेमन व सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. लोकांना एकदा १४ अंशांच्या थंड पाण्यात मिनिटभर हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तेवढेच करून आणखी अर्धा मिनिट हात पाण्यातच ठेवला, पण पाण्याचे तापमान हळूहळू १५ अंशांपर्यंत वाढवले. ‘यातले कोणते पुन्हा कराल?’ असे विचारताच सुमारे दोन तृतीयांश लोकांनी दुसरे, म्हणजे जास्त वेळ त्रासाचे निवडले. लांबीपेक्षा शेवट अधिक लक्षात राहतो, तो असा.

आम्ही त्या माउलीला क्रम बदलायला सांगितले. पैशाचे, अभ्यासाचे आधीच विचारून घ्यावे. मग गावच्या गोष्टी. पहिल्यांदा ‘आणखी काय?’ तोंडावर आले, की विषय संपला असे समजावे. समोरून नुसते ‘हं, हं’ येऊ लागले तरी तेच. खरे तर त्याच्या थोडे आधी, दोघी हसत असतानाच, ‘बरं तर मग’ म्हणावे. एक गोष्ट अर्धी ठेवावी. पुढच्या रविवारी ती म्हणाली, ‘बांधीतले कडपे उचलताना तुझ्या बाबांची काय फजिती झाली, ते पुढच्या वेळी सांगते. जय भीम, बाई!’ त्या आठवड्यात शुक्रवारीच मुलीचा फोन आला, ‘आई, बाबांचं काय झालं?’

अर्धी ठेवलेली गोष्ट पुढच्या वेळी आधी सांगावी, नाहीतर विश्वास जातो. ती गमतीची असावी. ‘एक वाईट बातमी आहे, मग सांगते’ म्हटले तर समोरच्याची झोप उडते. ‘जय भीम’ म्हटल्यावर ‘हो, एक राहिलंच’ करून पुन्हा तक्रार काढू नये.

आणि मुलगी रडत असेल, तर यातले काहीच करू नये. तेव्हा तिचे बोलून होईपर्यंत ऐकावे, आणि ‘उद्या सकाळी आठला फोन करते’ असे सांगून ठीक आठला करावा.