चोवीस मिनिटांच्या कॉलमध्ये बोलणं किती?

समजा, कुणी विमा कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. हॉस्पिटलच्या बिलाचे पैसे का अडकले, एवढंच विचारायचं आहे. रेकॉर्डिंग भरलं चोवीस मिनिटांचं. पहिलं मिनिट 'मराठीसाठी दोन दाबा'मध्ये गेलं, पुढची अडीच मिनिटं संगीतात. मग नऊ मिनिटं बोलणं झालं. त्यानंतर 'एक मिनिट हं सर, चेक करून सांगते' म्हणून साडेसहा मिनिटांचा होल्ड, आणि शेवटी पाच मिनिटांत निरोप. बोलणं म्हणायचं ते चौदा मिनिटांचं. त्यातही ग्राहक बोलला जेमतेम पाच मिनिटं, बाई बोलल्या साडेसहा, आणि उरलेला वेळ कीबोर्डच्या टकटकीत आणि कागद शोधण्यात गेला.

मोठ्या मदतकेंद्रांत असं रेकॉर्डिंग बहुधा दोन चॅनेलवर होतं: एकावर फक्त ग्राहक, दुसऱ्यावर कंपनीची बाजू. कोण काय बोललं हे वेगळं ओळखत बसावं लागत नाही, ही मोठी सोय. पण शब्दांकन करताना दोन्ही चॅनेल स्वतंत्र ऐकवावे लागतात, म्हणजे यंत्रासमोर जातो अठ्ठेचाळीस मिनिटांचा ऐवज. ग्राहकाच्या चॅनेलवर तर चोवीसपैकी एकोणीस मिनिटं कुणी बोलतच नाही. म्हणून शब्दांकनाच्या आधी एक चाळणी लावतात. तिचं नाव व्हॉइस ॲक्टिव्हिटी डिटेक्शन, थोडक्यात व्हीएडी. काय बोललं जातंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. आत्ता कुणी बोलतंय की नाही, एवढंच ती सांगते.

खर्च वाचतो हे खरं, पण माझ्या मते ते दुय्यम कारण आहे. खरं कारण असं, की आजची शब्दांकन यंत्रं शांततेत गप्प बसत नाहीत. ओपनएआयने २०२२ मध्ये खुलं केलेलं व्हिस्पर हे मॉडेल सर्वांत परिचित. इंटरनेटवरून गोळा केलेल्या ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर आणि त्याच्या लिखित मजकुरावर ते शिकलं. ते तीस-तीस सेकंदांचा तुकडा घेतं आणि त्यात कोणते शब्द असावेत याचा अंदाज बांधतं. तुकड्यात बोलणंच नसेल, तरी अंदाज बांधायची सवय सुटत नाही. मग होल्डच्या जागी 'व्हिडिओ पाहिल्याबद्दल धन्यवाद' अशा धाटणीची वाक्यं उगवतात, किंवा एकच वाक्य दहादा उमटतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या ॲलिसन कोएनेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये हे तपासून मांडलं. त्यांच्या नमुन्यातल्या सुमारे एक टक्का ध्वनितुकड्यांत व्हिस्परने कुणीही न उच्चारलेली वाक्यं घातली होती. वाचाघातामुळे अडखळत बोलणाऱ्यांच्या बाबतीत हे प्रमाण जास्त होतं, कारण त्यांच्या बोलण्यात थांबे लांब असतात. विम्याच्या कॉलमध्ये असं वाक्य ग्राहकाच्या तोंडी गेलं, तर पुढचा वाचणारा ते खरंच धरून चालणार.

बोलणं आणि शांतता वेगळी करण्याची कल्पना मात्र टेलिफोनवाल्यांची, आणि जुनी. १९५६ मध्ये अटलांटिक समुद्राच्या तळातून पहिली टेलिफोन केबल गेली तेव्हा तिच्यावरून एका वेळी जेमतेम छत्तीस संभाषणं चालत. बेल लॅब्जच्या अभियंत्यांच्या लक्षात आलं, की एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो, म्हणजे प्रत्येक दिशेची वाट निम्म्याहून जास्त वेळ रिकामीच. १९६० मध्ये त्यांनी 'टासी' नावाची यंत्रणा बसवली. ती बोलणाऱ्याला तेवढ्यापुरती वाट देई आणि तो थांबला की तीच दुसऱ्याला देई. क्षमता जवळपास दुप्पट झाली. त्यातली अडचण आजच्या वाचकालाही ओळखीची वाटेल: वाट मिळेपर्यंत शब्दाची सुरुवात कापली जायची. मोबाईलमध्येही हेच तत्त्व आहे. आपण गप्प झालो की जीएसएम फोन प्रक्षेपण थांबवू शकतो, आणि पलीकडच्याला लाइन तुटल्यासारखं वाटू नये म्हणून त्याचा फोन स्वतःच हलकी खरखर तयार करून ऐकवतो. म्हणजे रेकॉर्डिंगमधली 'शांतता' पुष्कळदा यंत्राने बनवलेली असते.

म्हणूनच नुसता आवाजाचा जोर मोजून भागत नाही. बोलणं हळू आणि पंखा मोठा, असं घरोघरी असतं. वेबआरटीसी या ब्राउझरमधल्या कॉलिंग यंत्रणेतली जुनी व्हीएडी आवाज वेगवेगळ्या कंपनसंख्यांच्या पट्ट्यांत विभागून हा गुच्छ बोलण्याचा की गोंगाटाचा, हे संख्याशास्त्राने ठरवते. हलकीफुलकी आहे, पण रहदारीत फसते. आता जास्त वापर दिसतो सिलेरोसारख्या लहानशा न्यूरल मॉडेलचा. फोनचा आवाज सेकंदाला ८,००० नमुन्यांचा असतो. सिलेरो त्यातले २५६ नमुने, म्हणजे ३२ मिलिसेकंदांचा तुकडा, एका वेळी घेतं आणि शून्य ते एकच्या दरम्यान एक आकडा देतं. आकडा ०.५ च्या वर गेला की बोलणं सुरू झालं असं धरायचं. संपलं असं म्हणायला मात्र तो ०.३५ च्या खाली उतरावा लागतो, नाहीतर एकाच वाक्याचे दहा तुकडे पडतील.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. घोळ होतो तो तुकड्यांच्या कडांना.

आपण क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी ठेवतो, आणि नेमका तिथेच आवाज खाली जातो. 'मला चेक अजून मिळाला नाही' म्हणताना थकलेला माणूस 'मिळाला' स्पष्ट उच्चारतो आणि 'नाही' जवळजवळ श्वासात सोडतो. आकडा ०.३५ च्या खाली गेला, कात्री लागली, आणि कागदावर उरलं 'मला चेक अजून मिळाला'. सुरुवातीलाही तीच गत. नकारार्थी 'अंहं'चा पहिला नाकातला भाग पुसट असतो. तो कापला गेला की उरतो होकारार्थी 'हं'. त्यात फोनची वाट साधारण ३,४०० हर्ट्झच्या वरचं काही नेत नाही, त्यामुळे 'स' आणि 'श' आधीच अशक्त होऊन आलेले असतात, आणि त्यांनी सुरू होणारे शब्द डोकं गमावतात.

यावर उपाय आहे speech_pad_ms हे सेटिंग, म्हणजे तुकड्याच्या दोन्ही बाजूंना ठेवायची माया. सिलेरोमध्ये ते मुळात ३० मिलिसेकंद असतं, आणि फोनच्या मराठीला ते अपुरं आहे. मी तीनशे ते चारशेच्या दरम्यान ठेवीन. फास्टर-व्हिस्पर हे लोकप्रिय साधनही स्वतःच्या चाळणीसाठी चारशेच धरतं. दुसरं सेटिंग min_silence_duration_ms, किती शांतता झाल्यावर तुकडा तोडायचा ते. शंभर मिलिसेकंद ठेवलं तर 'पॉलिसी नंबर... थांबा हं... चार सात...' याच्या चिंध्या होतात. सातशे-आठशे ठेवलं तर वाक्य बरंचसं एकसंध राहतं. तिसरं जास्त फसवं आहे: min_speech_duration_ms. ते मुळात २५० असतं, म्हणजे पाव सेकंदाहून लहान बोलणं सरळ टाकून दिलं जातं. घाईतला 'हो' त्याहून लहान असू शकतो, आणि माया लावण्याआधीच तो बाद होतो. 'तुमची संमती आहे ना?' या प्रश्नाचं उत्तरच मग कागदावर येत नाही. कॉलसाठी हा आकडा शंभरच्या आसपास आणणं बरं. त्यामुळे थोड्या खोकल्या आत येतील, येऊ देत.

उरलेले तुकडे एकमेकांना खेटून चिकटवू नयेत. ग्राहकाच्या चॅनेलवर 'हो' आहे, मग बाईंचा अठरा सेकंदांचा प्रश्न दुसऱ्या चॅनेलवर, मग 'मला नको'. मधली शांतता पूर्ण काढली की यंत्र लिहितं, 'हो मला नको'. मध्ये अर्धा सेकंद तरी रिकामा ठेवावा, किंवा प्रत्येक तुकडा वेगळा पाठवावा.

आणि प्रत्येक तुकडा मूळ रेकॉर्डिंगमध्ये कुठे होता याची नोंद हवीच. ग्राहकाचे पहिले तीन तुकडे असे निघाले असं धरू: ३:३४ ते ३:४१, ३:५० ते ४:०२ आणि ४:२० ते ४:३५. सोपेपणासाठी मधली मोकळी जागा सोडून देऊ. कापलेल्या फाइलमध्ये ते शून्य ते सात, सात ते एकोणीस आणि एकोणीस ते चौतीस सेकंदांवर बसतात. एखादा शब्द पंचविसाव्या सेकंदाला सापडला, तर तो तिसऱ्या तुकड्यात सहा सेकंद आत आहे, म्हणजे मूळ कॉलमध्ये ४:२६ ला. हा हिशेब ठेवला नाही तर ग्राहक आणि बाई यांची वाक्यं पुन्हा क्रमाने लावताच येत नाहीत, आणि उत्तर प्रश्नाच्या आधी येतं. होल्ड साडेसहा मिनिटांचा होता हेही मूळ वेळांवरूनच कळतं. तक्रारीत बऱ्याचदा मुद्दा तोच असतो.

काही गोष्टी मात्र या चाळणीच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. होल्डला गाणं वाजत असेल तर गायकाचा आवाज माणसाचाच, तो आत येणार. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे तर शुद्ध बोलणंच आहे. त्यासाठी व्हीएडीशी झटापट करण्यात अर्थ नाही. होल्ड कधी लागला आणि कधी सुटला याची नोंद कॉल यंत्रणेकडे सहसा असते. ती घेऊन कंपनीच्या चॅनेलवरचा तेवढा भाग आधीच बाजूला काढावा. ग्राहकाचा चॅनेल मात्र त्या वेळेतही चाळणीतून जाऊ द्यावा, तो होल्डवर असताना 'हॅलो, आहे का कुणी?' म्हणतोच. त्याच्या खोलीतल्या टीव्हीवरची मालिका मात्र ना नोंदीत सापडते ना व्हीएडीला वेगळी कळते. ती शब्दांकनात येते आणि वाचणाऱ्यालाच ओळखावी लागते.

चाळणी नीट चालते आहे का, हे शब्दांकन वाचून कळणं अवघड, कारण गाळलेलं तिथे दिसतच नाही. त्यापेक्षा टाकून दिलेला भाग एका वेगळ्या फाइलमध्ये जमा करावा आणि तो ऐकावा. वीसेक कॉल घेतले तरी पुरे. सगळं ऐकायची गरज नाही, ठेवलेल्या तुकड्याच्या लगेच आधीचा आणि नंतरचा अर्धा सेकंद ऐकावा. तिथे शेपट्या सापडल्या तर माया वाढवायची. मग बाईंचे 'बरोबर ना?', 'चालेल ना?' असे प्रश्न शोधावेत आणि पुढच्या तीन सेकंदांत ग्राहकाच्या चॅनेलवर काही ठेवलं गेलंय का, ते पाहावं. काहीच नसेल तर टाकलेल्या फाइलमधला तो क्षण उघडावा. कधी खरंच कुणी बोललेलं नसतं. कधी मात्र तिथे एक बारीकसा 'हो' असतो, आणि मग min_speech_duration_ms आणखी खाली आणावं लागतं.