ज्यूलची दोन तांब्याची भांडी

१८४५ च्या सुमारास मँचेस्टरच्या जेम्स ज्यूलने तांब्याची दोन भांडी एका नळीने जोडली. एकात हवा दाबून भरली, वातावरणाच्या सुमारे २२ पट दाबाने. दुसऱ्यातली शक्य तेवढी काढून टाकली. मग दोन्ही भांडी पाण्यात बुडवून त्याने मधली तोटी उघडली. हवा रिकाम्या भांड्यात घुसली, पण पाण्याचं तापमान बदललेलं दिसलं नाही.

समोर ढकलायला काही नव्हतं, म्हणून हवेने कार्य केलं नाही. पाणी ना तापलं ना गार झालं, म्हणून उष्णतेची देवघेवही नाही. आकारमान वाढूनही हवेची आंतरिक ऊर्जा होती तेवढीच राहिली. (खऱ्या हवेचं तापमान अशा वेळी किंचित उतरतं. पण भोवतीचं पाणी इतकं होतं, की ज्यूलच्या थर्मामीटरला ते कळणं शक्य नव्हतं.)

आता हाच प्रवास सावकाश करू. आदर्श वायूचा एक मोल, तापमान ३०० केल्विन, वर दट्ट्या आणि दट्ट्यावर वजनं. एकेक बारीक वजन उतरवत वायूला दुप्पट पसरू दिलं, तर उरलेली वजनं उचलताना तो सुमारे १,७३० ज्यूल कार्य करतो. त्यात तो थंड झाला असता. पण भोवतालचं पाणी त्याला तेवढीच, १,७३० ज्यूल, उष्णता पुरवतं. शेवटी तापमान तेच, आकारमान दुप्पट.

दोन्ही वाटांनी आलेले वायू शेजारी ठेवले, तर कोणतंही मोजमाप त्यांच्यात फरक दाखवणार नाही. एकाच्या वाटेत उष्णता आणि कार्य दोन्ही शून्य, दुसऱ्याच्या वाटेत दोन्ही १,७३०. आत आलेल्या उष्णतेतून बाहेर गेलेलं कार्य वजा केलं, की दोन्हीकडे उत्तर शून्यच येतं. ही वजाबाकी म्हणजे आंतरिक ऊर्जेतला बदल, आणि तो फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या अवस्थेवर ठरतो. म्हणून आंतरिक ऊर्जेला अवस्था फलन म्हणतात. उष्णता आणि कार्य ही मात्र ऊर्जेच्या ये-जा करण्याची नावं आहेत. त्यामुळे ‘या वायूत उष्णता किती आहे?’ या प्रश्नाला उत्तरच नसतं. लिटरभर पाणी एका अंशाने तापवायला साधारण ४,१८६ ज्यूल लागतात. ते विस्तवाने दिले की वल्ह्याने घुसळून, हे तापलेल्या पाण्यावरून ओळखता येत नाही.

इंजिन चालतं ते कार्य वाटेवर अवलंबून असल्यामुळेच. आपला पसरलेला वायू आहे त्याच आकारमानात २०० केल्विनपर्यंत थंड केला आणि मग मूळ आकारमानापर्यंत दाबला, तर दाबायला सुमारे १,१५३ ज्यूलच लागतात. पुन्हा ३०० केल्विनपर्यंत तापवला, की वायू मूळ अवस्थेत येतो आणि आंतरिक ऊर्जा पूर्ववत होते. पण मधल्या काळात जवळपास ५७७ ज्यूल कार्य आपल्या हाती लागलेलं असतं. ते आलं उष्णतेतून: वायूने जेवढी उष्णता घेतली, त्यापेक्षा तेवढी कमी परत केली.