व्हीलचेअर गेली, पोस्ट मात्र तशीच

आमच्या पेठेत रुग्णोपयोगी साहित्य देणारं एक छोटं केंद्र आहे. वॉकर, कमोड खुर्ची, व्हीलचेअर, पलंग अशा वस्तू अनामत ठेवून गरजूंना वापरायला मिळतात. संध्याकाळी ६ ते ८ खिडकी उघडी असते. कार्यकर्ते पाच, आणि फेसबुक, इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकायचं काम ज्याला आठवेल त्याचं. ते आपोआप वेळेवर जावं म्हणून आम्ही तीस दिवस घेतले. या पद्धतीत पोस्ट आधी लिहून दिवस-वेळ ठरवायची आणि मेटा बिझनेस सूटसारख्या मोफत सोयीवर ठेवून द्यायची. सोय शिकायला एक दुपार पुरली, बाकीचे दिवस वेगळ्याच कामाला लागले.

पहिले सात दिवस आम्ही एकही पोस्ट वेळ लावून ठेवली नाही. रोज जे हातानं टाकलं ते गूगल शीटमध्ये लिहीत गेलो: कधी, कुठे, कोणी, काय. शेवटचा रकाना महत्त्वाचा होता, ‘आठ दिवसांनीही हे खरं असेल का?’ सातव्या दिवशी त्या रकान्यानंच वाट दाखवली. ‘व्हीलचेअर उपलब्ध आहे’ ही पोस्ट सोमवारी खरी होती. बुधवारी खुर्ची एका आजोबांकडे गेली, आणि पोस्ट वाचून गुरुवारी दुसऱ्याच घरातला मुलगा रिक्षा करून आला. ही पोस्ट हातानं टाकलेली होती. पंधरा दिवस आधी ठरवून ठेवली असती, तर वस्तू हातात नसतानाही तिनं बोलावणं केलं असतं. म्हणून आम्ही दोन वाटण्या केल्या. शिल्लक साठ्यावर अवलंबून असलेलं सगळं हातानंच टाकायचं. खिडकीची वेळ, वस्तू परत करताना पुसून आणण्याची आठवण, वॉकरची उंची कशी बघावी, देणगी कशी द्यावी, एवढंच आधी ठरवायचं.

आठव्या दिवसापासून खात्यांची साफसफाई सुरू झाली. पेज एका जुन्या कार्यकर्त्याच्या खात्यावरून चालत होतं, आणि तो नोकरीनिमित्त परगावी गेलेला. त्याच्याकडून दोघांना पूर्ण नियंत्रण घेतलं, कारण एकाचा फोन हरवला तरी दुसऱ्याला पेज उघडता आलं पाहिजे. इतरांना पोस्ट तयार करण्यापुरता अधिकार दिला. दोन टप्प्यांची पडताळणी सगळ्यांनी चालू केली. इन्स्टाग्रामचं खातं प्रोफेशनल करून पेजला जोडलं.

तेराव्या दिवशी लिहायला बसलो आणि सोळाव्यापर्यंत दहा पोस्ट तयार झाल्या. रुग्णांचे फोटो एकाही पोस्टमध्ये घेतले नाहीत. मदत घेणाऱ्याचा चेहरा गल्लीभर फिरावा, हे मला पटत नाही. रिकाम्या वॉकरचा फोटो पुरेसा बोलतो.

सतराव्यापासून आठवडाभर फक्त दोन पोस्ट वेळ लावून ठेवल्या. पहिलीच चुकली. दुपारी १२ ची वेळ द्यायची होती, पण पडद्यावर `12:00 AM` राहिलं आणि पोस्ट मध्यरात्री गेली. तेव्हापासून नियम असा: वेळ लावणारा एक, ती मोठ्यानं वाचणारा दुसरा. पोस्ट दिसली का, हे ठरल्या वेळेनंतर तिसऱ्याच माणसाच्या फोनवर बघायचं.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आपोआप संदेश टाकणारी बाहेरची ॲप्स मिळतात, ती आम्ही घेतली नाहीत. व्हॉट्सॲपच्या अटींत ती बसत नाहीत, नंबर बंद होऊ शकतो, आणि आमचा नंबर म्हणजेच केंद्राचा दरवाजा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये मात्र खिडकी बंद असताना जाणारं उत्तर लावता येतं. त्यात वेळ लिहिली, आणि अगदी तातडीचं असेल तर फोन करा, असंही.

चोविसाव्या दिवशी थांबवण्याची तालीम घेतली, आणि सगळ्या महिन्यात मला तीच सर्वांत गरजेची वाटते. अचानक फोन केला, ‘उद्या खिडकी बंद.’ उद्याची पोस्ट कोण काढणार? पहिल्या वेळी अर्धा तास गेला. ज्याच्याकडे अधिकार होता तो गाडी चालवत होता, आणि दुसऱ्याला `Planner` मध्ये ती सापडेना. मग रोज संध्याकाळी ‘आजचा राखणदार’ ठरवला. पुढच्या सात दिवसांत काय जाणार त्याचा कागद खिडकीशी चिकटवला. त्यामुळे ज्यांना फेसबुक वापरता येत नाही अशा आमच्या वयस्कर कार्यकर्त्या मावशींनाही ‘ही उद्याची खोडा’ म्हणता येतं. दुसऱ्या तालमीला पाच मिनिटं लागली.

तिसाव्या दिवशी लाइक मोजले नाहीत. महिनाभर नोंदवहीत प्रत्येकाला ‘कुठून कळलं?’ विचारून खूण केली होती, ती पाहिली. बहुतेकांना शेजाऱ्यानं सांगितलं होतं, काहींना व्हॉट्सॲपवरून. फेसबुकवरून आलेले थोडे होते, पण त्यांतले बरेच देणगी द्यायला आलेले. म्हणून आठवड्याला दोनच पोस्ट वेळ लावून ठेवायच्या आणि त्यांतली एक देणगीची, असं ठरलं. आता रविवारी रात्री नवा कागद लागतो. व्हीलचेअर आहे की नाही, ते मावशी खडूनं पाटीवर लिहितात आणि त्या पाटीचा फोटो ग्रुपवर जातो, ज्या दिवसाचा त्याच दिवशी.