आजीचा मराठी प्रश्न फोनला कसा कळतो?

फोनच्या शोधखिडकीत मराठी प्रश्न बोलून घालता येतो आणि लिहूनही. दोन्हीसाठी एक गोष्ट आधी व्हावी लागते: समोरचे माणूस मराठी वापरणार आहे, हे फोनला सांगावे लागते. फोन ते आपणहून ओळखेल, असे आजीला वाटते आणि बऱ्याचदा नातवंडांनाही वाटते. आजी नीट मराठी बोलते, पडद्यावर भलतेच काही उमटते आणि ‘मला नाही जमत बाई’ म्हणून फोन बाजूला ठेवला जातो. दोष तिच्या बोलण्यात नसतो. फोन त्या वेळी दुसऱ्याच भाषेत ऐकत असतो.

त्र्याहत्तर वर्षांच्या एका आजीचा साधा प्रश्न घेऊ. ती नातीला विचारते, “अगं, एसटीत म्हाताऱ्या माणसांना तिकीट माफ झालंय म्हणे. ते फोनला कसं विचारायचं?” अशा वेळी नात फोन हातात घेते, अर्धवट इंग्रजीत काहीतरी टाकते आणि उत्तर वाचून दाखवते. त्या दिवसाचे काम होते, पण पुढच्या प्रश्नाला आजी पुन्हा नातीच्या वाटेकडे डोळे लावून बसते. नातीने एकदा निवांत बसून फोनची मराठी जुळवून दिली आणि बोट आजीचेच फिरू दिले, तर ती मदत खरी.

बहुतेक अँड्रॉइड फोनवर गूगलचा Gboard हा कळफलक असतो. शोधखिडकीवर बोट ठेवले की तो खालून वर येतो. त्याच्या वरच्या पट्टीत दातेरी चाकाची खूण दिसते. ती तिथे नसेल, तर चार चौकोनांच्या खुणेवर बोट ठेवल्यावर सापडते. तिथून Languages मध्ये जायचे, Add keyboard निवडायचे आणि यादीतून मराठी घ्यायची. यादीत हिंदीही असते. लिपी एकच असल्यामुळे घाईत हिंदी निवडली जाते आणि पुढच्या निम्म्या अडचणी तिथेच जन्म घेतात. मराठी घेतल्यावर कळफलकाचा प्रकार विचारला जातो: इंग्रजी अक्षरांतून मराठी, थेट देवनागरी अक्षरे किंवा बोटाने लिहायची पाटी. पुढे कळफलकावर पृथ्वीच्या गोळ्याची खूण येते. ती दाबली की भाषा बदलते आणि सध्या कोणती भाषा चालू आहे ते खालच्या लांब पट्टीवर लिहिलेले दिसते. बोलण्याआधी किंवा लिहिण्याआधी त्या पट्टीवर ‘मराठी’ आहे ना, एवढे पाहण्याची सवय आजीला लावून द्यावी.

आजीसाठी बोलणे सर्वांत सोपे. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने आवाजाने लिहिण्याच्या सोयीत एकदम आठ भारतीय भाषा आणल्या, त्यांत मराठी होती. मात्र फोनवर माइकच्या खुणा दोन असतात, हे सहसा कुणी सांगत नाही. एक शोधखिडकीच्या उजव्या कडेला असते आणि दुसरी कळफलकावर. दिसायला दोन्ही सारख्या, पण वागणे निराळे. शोधखिडकीतला माइक गूगलच्या ॲपमध्ये नोंदलेल्या भाषेत ऐकतो. ती भाषा त्या ॲपच्या सेटिंगमध्ये, Voice या भागात वेगळी निवडावी लागते. कळफलक मराठी केला म्हणून हा माइक मराठी होत नाही. कळफलकावरचा माइक मात्र कळफलकाच्या भाषेमागून जातो.

दुसरा फरक आजीच्या दृष्टीने जास्त मोलाचा आहे. शोधखिडकीतला माइक बोलणे थांबले की प्रश्न संपला असे समजतो आणि लगेच शोध सुरू करतो. आजी ‘एसटीत’ म्हणून पुढचा शब्द आठवायला क्षणभर थांबली, तर फोन तेवढ्या एका शब्दावरच उत्तरे आणून ठेवतो. कळफलकाचा माइक ऐकलेले शब्द खिडकीत लिहितो आणि वाट पाहतो. वाचून बघायला, चुकलेला शब्द पुसायला, राहिलेले बोलायला उसंत मिळते. शोध सुरू होतो तो भिंगाची खूण दाबल्यावरच. म्हणून म्हाताऱ्या माणसाला कळफलकाचाच माइक शिकवावा. पहिल्यांदा दाबल्यावर फोन माइक वापरण्याची परवानगी मागतो. घाबरून तिथे नकार दिला, तर पुढे माइक मुकाच राहतो आणि ती परवानगी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते.

फोन चुकीच्या भाषेत ऐकत असेल, तर ते उमटलेल्या अक्षरांवरून लगेच ओळखता येते. आजी म्हणाली, “म्हाताऱ्या माणसांना सवलत किती मिळते?” इंग्रजी अक्षरांत असंबद्ध शब्द आले, तर कान इंग्रजी आहे. अक्षरे देवनागरी आहेत, पण ‘मिळते’चे ‘मिलते’ झाले, तर कान हिंदी आहे. ‘ळ’ ही इथली सर्वांत भरवशाची खूण, कारण रोजच्या हिंदीत हे अक्षर नाही. याचे कारण ऐकण्याच्या पद्धतीत आहे. फोन नुसता आवाज टिपत नाही. त्या आवाजाशी जुळणारे, नेमलेल्या भाषेतले सर्वांत संभवनीय शब्द आणि त्यांचा क्रम तो शोधतो. नेमलेली भाषा हिंदी असेल, तर ‘मिळते’ हा शब्द त्याच्या विचारातच येत नाही, मग तो कितीही स्पष्ट उच्चारा. आजीला हळूहळू, एकेक अक्षर तोडून बोलायला सांगण्यानेही बिघडते. ओळखीचा शब्दक्रम तुटतो आणि फोन आणखी गोंधळतो. नेहमीच्या लयीत, सलग एक वाक्य बोलणेच बरे. मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी वळणाच्या बोलण्यात काही शब्द चुकतात. तेवढे शब्द मग लिहून दुरुस्त करावे लागतात. पंखा, टीव्ही, अंगणातला गलका हेही ऐकण्याच्या आड येतात.

लिहायचे असेल, तर वाट आजीच्या सवयीवर ठरावी. तिला इंग्रजी अक्षरे येत असतील, तर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणे भरभर होते. `milte` असे लिहिले की वरच्या पट्टीत ‘मिळते’, ‘मिलते’ असे पर्याय येतात, कारण इंग्रजीतल्या एकाच `l` मधून ल निघतो तसा ळही निघतो. न बघता पुढची जागा सोडली की पहिला पर्याय आपोआप बसतो, म्हणून नजर पट्टीवर हवी.

इंग्रजी येत नसेल, तर बोटाने लिहायची पाटी उत्तम. शाळेत पाटीवर गिरवलेल्या हाताला त्यात नवे काही शिकावे लागत नाही. थेट देवनागरी कळफलकावर मात्र जोडाक्षरे अडवतात. ‘ज्येष्ठ’ हा शब्द घ्या. आधी ज, मग पाय मोडायची खूण ्, मग य, त्यावर मात्रा े, मग ष, पुन्हा पाय मोडायची खूण ् आणि शेवटी ठ. हाताने लिहिताना मात्रा हवी तेव्हा देता येते. इथे ती अक्षर दाबल्यानंतरच द्यायची. हे न सांगितल्यामुळे बरीच माणसे ‘जेष्ठ’वर समाधान मानतात. सुदैवाने शोधयंत्र एवढी चूक सहसा सांभाळून घेते, त्यामुळे शुद्धलेखनाच्या धास्तीने आजीने हात आखडता घेऊ नये.

आता प्रश्न कसा मांडावा. आजीने नुसते ‘एसटी सवलत’ म्हटले, तर उत्तरांत बसबरोबर अनुसूचित जमातींच्या सवलतींचीही पाने येऊ शकतात, कारण त्यांनाही मराठी बातम्यांत एसटी म्हणतात. ‘एसटी आरक्षण’ म्हटले, तर बसची जागा राखण्याऐवजी नोकरी-शिक्षणातल्या आरक्षणाच्या बातम्याच वर येण्याचा संभव अधिक. शोधयंत्राला आजीचा हेतू दिसत नाही, शब्द तेवढे दिसतात. म्हणून हेतू सांगणारा एखादा शब्द जोडायचा: ‘एसटी बस’. दुसरे असे की आजी ‘म्हातारी माणसं’ म्हणते, पण पाने लिहिणारे ‘ज्येष्ठ नागरिक’ लिहितात. सवलतीच्या वयाला ती ‘पाऊणशे’ म्हणेल, पानावर ७५ असेल. अर्थ जुळवण्यात शोधयंत्रे पुष्कळ सुधारली आहेत, तरी मराठी पाने मुळात कमी असल्याने पानावरचा शब्द प्रश्नात आला तर उत्तर लवकर हाती लागते. आजीचा प्रश्न असा होतो: ‘७५ वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांना एसटी बस मोफत आहे का?’ आकडा तोंडी सांगितला, तरी फोन बहुधा तो अंकांतच लिहितो.

उत्तरे आली की वाचण्याचाही एक क्रम आहे. वरच्या काही नोंदींवर ‘प्रायोजित’ किंवा Sponsored असे लिहिलेले असते. त्या जाहिराती, त्या सोडून खाली यायचे. मग पानाची तारीख बघायची, कारण या प्रश्नाचे उत्तर काळाप्रमाणे बदलले आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला तो ऑगस्ट २०२२ मध्ये, अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेतून. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट आहे. मार्च २०२३ पासून महिलांना वयाची अट न ठेवता अर्धे तिकीट मिळू लागले. आजीच्या हाती २०२१ चे पान आले, तर मोफत प्रवासाचा त्यात उल्लेखच नसणार आणि आपण ऐकले ते खोटे, असे तिला वाटणार. तारखा लावून वाचल्यावर तिचे उत्तर स्पष्ट होते: त्र्याहत्तराव्या वर्षी अर्धे तिकीट, पंच्याहत्तरी पूर्ण झाल्यावर मोफत.

एक गोष्ट नातीने बजावून सांगायलाच हवी. शोधात दिसलेला मदत क्रमांक खरा असेलच असे नाही. बँक, गॅस, वीज यांच्या नावाने खोटे क्रमांक पसरवून लोकांना लुबाडले जाते. फोनवर कुणी ओटीपी मागितला किंवा एखादे ॲप घ्यायला लावले, तर फोन तिथेच ठेवायचा. बँकेचा क्रमांक पासबुकावर असतो, गॅसचा पुस्तिकेवर. तो तिथूनच घ्यावा. एसटीचा प्रश्न तर जवळच्या आगारातही विचारता येतो.

उत्तरात नवा शब्द मिळाला की पुढचा प्रश्न त्याच शब्दाने विचारायचा. आजीला आता ‘अमृत ज्येष्ठ नागरिक योजना’ हे नाव सापडले आहे. ‘अमृत ज्येष्ठ नागरिक योजना कोणती ओळखपत्रं चालतात’ असे ती कळफलकाच्या माइकमध्ये बोलली, तर बस आणि जमाती यांचा घोळ उरत नाही आणि प्रवासाला निघताना आधार कार्डासारखा वयाचा कोणता पुरावा सोबत घ्यायचा, तेवढेच समोर येते.